इन्व्हर्टरचा रिले बॅटरी संपताना टक-टक करतो? आधी दोन टक मधलं अंतर मोजा

हा प्रॉब्लेम माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो म्हणजे येतोच. लोडशेडिंग वाढलं की कुणीतरी इन्व्हर्टर घेऊन येतं आणि म्हणतं की बॅटरी संपत आली की आतून टक-टक आवाज येतो, लाईट चालू बंद होतात, टीव्ही तीनचारदा रिस्टार्ट होतो आणि मग कधीतरी सगळं बंद पडतं. बहुतेक जण रिले बदलतात. रिले बिचारा सांगितलेलं काम करत असतो, सांगणाराच गोंधळलेला असतो. नवीन रिले महिनाभर गप्प बसल्यासारखा वाटतो कारण त्या महिन्यात लाईट फार वेळ गेलेली नसते, एवढंच.

यावेळची केस परतूरच्या मामांची आहे. लोकल असेंबल केलेला इन्व्हर्टर, १२ व्होल्ट १५० एएच ट्युब्युलर बॅटरी, घरात तीन पंखे, टीव्ही, चारपाच एलईडी बल्ब आणि राउटर. सगळं चालू असलं की साधारण ३४० वॅट होतात, म्हणजे इन्व्हर्टरचा लॉस धरून बॅटरीतून ४० अँपियरच्या आसपास. मामांची तक्रार दोन होत्या, एक तर ती टक-टक आणि दुसरी म्हणजे दोन वर्षांची बॅटरी आताच लवकर उतरते. दोन्हीचं मूळ एकाच छोट्या बोर्डात निघालं.

सर्किट नेहमीचंच होतं. एक रेफरन्स व्होल्टेज, बॅटरीचं व्होल्टेज कमी करून आणणारे दोन रेझिस्टर म्हणजे डिव्हायडर, दोघांची तुलना करणारा कंपॅरेटर, त्याच्यापुढे एक ट्रान्झिस्टर आणि ट्रान्झिस्टरवर १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले. रिलेचा कॉन्टॅक्ट मेन बॅटरी लाईनमध्ये नव्हता हे बरं होतं, तो ऑसिलेटर सेक्शनच्या सप्लायमध्ये होता म्हणजे रिले सुटला की इन्व्हर्टर झोपतो. काही जण हा ७-१० अँपियरचा रिले थेट ४० अँपियरच्या लाईनमध्ये टाकतात, तसं कुणी केलं असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी ते काढा, कॉन्टॅक्ट चिकटतो आणि मग कट-ऑफ नावालाच राहतो.

आता आवाजाचं. मी मल्टीमीटर लावायच्या आधी नुसतं ऐकतो, कारण आवाजाच्या वेगावरून अर्धं निदान होतं. सलग खर्रर असा आवाज येत असेल, जुन्या डोअरबेलसारखा, तर कंपॅरेटर रिपलवर नाचतोय. इन्व्हर्टर ५० हर्ट्झचा एसी बनवतो तेव्हा बॅटरीतून करंट सरळ जात नाही, तो सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो, त्यामुळे बॅटरीच्या वायरवर १०० हर्ट्झचा रिपल असतो आणि मल्टीमीटरला तो दिसत नाही, तो फक्त ॲव्हरेज दाखवतो. टक... टक... असा एकदोन सेकंदांनी आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी, लोड सुटला की बॅटरी लगेच वर उसळते, रिले परत लागतो, इन्व्हर्टर सॉफ्ट स्टार्ट होऊन परत लोड घेतो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो. आणि तिसरा प्रकार, पाच-दहा मिनिटांनी एकदा टक, हा सगळ्यात फसवा, कारण दुकानात टेस्ट करताना तो दिसतच नाही. तिथं बॅटरी हळूहळू सावरून परत वरच्या लिमिटला पोचत असते.

मामांकडे दुसरा प्रकार होता. त्यांनी फोन वर धरून ऐकवला होता तेव्हाच कळलं.

गावाला गेल्यावर बॅटरी उतरू दिली, आणि कट व्हायच्या वेळेला दोन मीटर लावले, एक बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एक बोर्डवर. टर्मिनलवर ९.८ व्होल्ट आणि बोर्डवर ९.४. म्हणजे वायर आणि लगमध्येच ०.४ व्होल्ट जात होते, पॉझिटिव्ह लगवर पांढरी-हिरवी बुरशी जमलेलीच होती. पण त्याहून वाईट म्हणजे ९.८ हे आकडे. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, सेलला १.७५ व्होल्टच्या खाली नेऊ नये असा साधा हिशोब आहे, म्हणजे १०.५. ही बॅटरी दोन वर्षं रोज त्याच्या कितीतरी खाली जात होती. लवकर उतरते ही तक्रार तिथूनच आलेली.

बरं मग कट ९.४ ला का होत होता, कारण बोर्ड बनवणाऱ्याने तर रेफरन्सला ५.१ चा झेनर घेतला होता आणि डिव्हायडर १० के, १० के, म्हणजे हिशोबाने १०.२ ला कट व्हायला हवा. झेनरवर मीटर लावला तर ४.७ व्होल्ट. झेनर खराब नव्हता. त्याला सप्लाय देणारा रेझिस्टर १० केचा होता, त्यामुळे ९.४ व्होल्टला झेनरमधून जेमतेम अर्धा मिलिअँपियर जात होता. या रेंजच्या झेनरचं ५.१ हे व्होल्टेज साधारण ५ मिलिअँपियरला असतं, एवढ्या कमी करंटला तो खाली बसतो. आणि बॅटरी जसजशी उतरते तसतसा झेनरचा करंट अजून कमी होतो, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तोच बॅटरीबरोबर खाली घसरतोय. बेंचवर १२ व्होल्टला मोजून सेट केलं असणार आणि ठीक आहे म्हणून पॅक केलं असणार.

दुसरी चूक हिस्टेरेसिसची, म्हणजे कट होणारं आणि परत चालू होणारं व्होल्टेज यांतल्या फरकाची. कंपॅरेटरच्या आउटपुटपासून प्लस इनपुटला जो फीडबॅक रेझिस्टर असतो तो इथे १ मेगचा होता. डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर १० के, एलएम३५८ चं आउटपुट साधारण ८ व्होल्ट वरखाली होणार, म्हणजे कट आणि परत चालू यातला फरक १० के गुणिले ८ भागिले १ मेग, ०.०८ व्होल्ट. आणि लोड सुटला की नुसते वायरमधले ०.४ व्होल्टच लगेच परत येतात, बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्सचे वेगळे. ०.०८ चा फरक तिथे काय पुरणार, रिले टक-टक करणारच.

मग तो बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा झेरो पीसीबीवर नवीन केला, सामान सगळं मिळून शंभरच्या आत येतं. रेफरन्सला टीएल४३१ घेतला, त्याचे रेफरन्स आणि कॅथोड पाय जोडले की तो २.५ व्होल्टचा (नेमकं २.४९५) चांगला स्थिर रेफरन्स होतो. त्याला कमीत कमी १ मिलिअँपियर लागतो, मी बॅटरीपासून ३.३ के दिला, म्हणजे बॅटरी १० व्होल्टला गेली तरी दोनच्या वर मिलिअँपियर मिळतो. इथे एक गंमत आहे, सवयीने लोक रेफरन्सवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावतात आणि टीएल४३१ ला नेमका तसा कपॅसिटर आवडत नाही, तो स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो. काहीच लावू नका. पाय उलटे लागले की तिथे ०.७ व्होल्टच्या आसपास दिसतं, बरोबर असेल तर २.५, त्यामुळे पुढे जायच्या आधी मोजा.

कंपॅरेटर एलएम३९३. रेफरन्स मायनसला म्हणजे पिन २ ला, बॅटरीचा डिव्हायडर प्लसला म्हणजे पिन ३ ला. बॅटरी चांगली असेल तर आउटपुट हाय, ट्रान्झिस्टर ऑन, रिले लागलेला, इन्व्हर्टर चालू. मुद्दाम असं ठेवलं, कारण उलटं केलं तर बॅटरी मेल्यावर रिले ३० मिलिअँपियर खात बसतो, वर वायर तुटली तर कट-ऑफच होत नाही. या पद्धतीत काहीही तुटलं तरी इन्व्हर्टर बंद पडतो आणि लोक बोंबलतात, ते परवडलं. एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, तो फक्त खाली ओढू शकतो, म्हणून वर २.२ केचा पुल-अप बॅटरी प्लसला आणि तिथून ४.७ के बीसी५४७ च्या बेसला. हा पुल-अप विसरला की रिले कधीच लागत नाही आणि माणूस आयसीवर आयसी बदलत बसतो, मीही पूर्वी बसलेलो आहे. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ उलटा, पट्टी प्लसकडे. आयसीचा दुसरा हाफ वापरत नाही, त्याच्या दोन्ही इनपुट ग्राउंडला.

आता मुख्य भाग, व्होल्टेज किती ठेवायचं. डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर R1, खालचा R2, फीडबॅक Rf, रेफरन्स Vr. आउटपुट हाय असताना ते पूर्ण १२ ला जात नाही कारण बेसचा करंट पुल-अपमधून जातो, या व्हॅल्यूला ते साडेसातच्या आसपास असतं, त्याला Vo म्हणू. लो असताना ०.१५ धरा.

```
VL = Vr + R1*(Vr/R2 - (Vo - Vr)/Rf)
VH = Vr + R1*(Vr/R2 + (Vr - 0.15)/Rf)
VH - VL = R1*(Vo - 0.15)/Rf
```

VL म्हणजे कट होणारं व्होल्टेज आणि VH म्हणजे परत चालू होणारं. तिसरी ओळ महत्त्वाची, दोघांतला फरक जवळपास फक्त R1 आणि Rf वर ठरतो, R2 फिरवला की दोन्ही एकत्र वरखाली सरकतात. त्यामुळे R2 च्या जागी ६.८ के आणि सिरीजमध्ये २ केचा मल्टिटर्न प्रिसेट, आणि फरक Rf ने ठरवायचा. मी R1 ३२ के घेतला (तो दोन तुकड्यांत का, ते खाली येतं).

कट व्होल्टेज मी १०.८ ठेवलं. तुम्ही म्हणाल १०.५ का नाही. १०.५ हा आकडा बरोबर आहे पण तो लोडवर अवलंबून आहे, आणि आपलं सर्किट करंट बघत नाही, फक्त व्होल्टेज बघतं. मामांकडे संध्याकाळी ४० अँपियर लोड असतो तेव्हा बॅटरी आत थोडं शिल्लक असतानाच १०.८ ला येते. पण रात्री सगळे झोपल्यावर एक पंखा आणि राउटर, फार तर ८ अँपियर, तेव्हा बॅटरी १०.८ ला येते म्हणजे जवळपास पूर्ण रिकामी झालेली असते. ज्यांच्याकडे रात्रभर फक्त हलका लोड असतो त्यांना मी ११.० किंवा ११.२ सांगतो. दोन्ही लोडला बरोबर असं एक व्होल्टेज नसतंच, कुठेतरी मध्ये बसायचं.

परत चालू होण्याचं व्होल्टेज मात्र मी तीनदा बदललं आणि तिथेच खरा धडा मिळाला.

पहिल्यांदा Rf २७० के लावला. फरक ०.८७ व्होल्ट, म्हणजे १०.८ ला कट आणि ११.७ च्या आसपास परत चालू. टक-टक लगेच थांबली, मी खूश, मामीने चहा दिला, तेवढ्यात साताठ मिनिटांनी टक. पंखे फिरले, दीडेक मिनिट चालले, टक. परत सातआठ मिनिटं. हाच तो तिसरा प्रकार. लोड सुटला की वायर आणि आतल्या रेझिस्टन्सचं व्होल्टेज लगेच परत येतं, पण त्याच्यानंतरही बॅटरी हळूहळू वर चढत राहते कारण प्लेटच्या आत पातळ झालेलं ॲसिड आणि बाहेरचं ॲसिड एकमेकांत मिसळायला वेळ लागतो. उतरलेली बॅटरी काही मिनिटांत ११.७-११.८ ला आणि तासाभरात १२ च्या जवळ जाऊन बसते, तिच्यात काही नसलं तरी. म्हणून परत चालू होण्याचं व्होल्टेज असं हवं की बॅटरी नुसती आराम करून तिथे कधी पोचू नये, चार्जर लागल्यावरच पोचावी.

म्हणून दुसऱ्यांदा Rf १०० के. फरक २.३५, परत चालू १३.१ ला. आता आरामात पोचायचा प्रश्नच नाही. रात्री मस्त चाललं, कट झाला, पुन्हा आवाज नाही. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन.

"अरे, लाईट अर्धा तास येऊन गेली, आता इन्व्हर्टर उठतच नाही. तुझं मशीन फारच शिस्तीचं झालंय बाबा."

बरोबर होतं त्यांचं. पूर्ण उतरलेली १५० एएच बॅटरी, चार्जर १०-१२ अँपियरचा, अर्ध्या तासात ती चार्जिंगवर असताना १३.१ ला पोचलीच नाही, म्हणून रिले लागला नाही, आणि लाईट गेल्यावर तर व्होल्टेज अजून खाली. शहरात लाईट आली की चारसहा तास राहते तिथे १३.१ चालून जाईल, जिथे लाईट तुकड्यातुकड्यात येते तिथे नाही.

तिसऱ्यांदा Rf १२० के. फरक १.९५ च्या आसपास, कट १०.८ आणि चालू १२.७५. आराम करून १२ पर्यंत जाणारी बॅटरी तिथे पोचत नाही आणि चार्जरवर बऱ्यापैकी लवकर पोचते. R2 या हिशोबाला ८.२८ के येतो, म्हणजे प्रिसेट दीड केच्या जवळ. हेच आता गेले दोन महिने चालू आहे.

पण १२.७५ मध्ये पण एक खोच आहे. पूर्ण चार्ज बॅटरी चार्जर काढून काही तास ठेवली की १२.७ ला येते. म्हणजे बॅटरीची वायर काढून परत लावली तर चांगल्या भरलेल्या बॅटरीवरही रिले लागणार नाही, कारण सर्किट सुरुवातीला बंद अवस्थेत उठतं आणि १२.७५ ची वाट बघत बसतं. हे माहीत नसलं की नवीन बोर्ड बनवणारा हमखास समजतो की बोर्ड चालत नाही. उपाय सोपा आहे, बॅटरी प्लस पासून १० के आणि एक पुश बटण सिरीजमध्ये घेऊन पिन ३ ला. एकदा दाबलं की पिन ३ चं व्होल्टेज रेफरन्सच्या वर जातं, रिले लागतो, आणि बॅटरी १०.८ च्या वर असेल तर सोडल्यावरही लागलेला राहतो.

मिक्सरचं वेगळंच. मामी इन्व्हर्टरवर कधीकधी मिक्सर लावतात (लावू नका सांगून झालंय), मोटर सुरू होताना एकदोन सेकंद व्होल्टेज खाली आपटतं आणि बॅटरी अर्धी भरलेली असतानाच कट होतो, आणि आता फरक मोठा असल्यामुळे परत चालूही होत नाही. म्हणजे थोडा डिले हवा. मी घाईत पिन ३ पासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावला, आणि मिक्सरचा प्रॉब्लेम गेला पण कट होताना रिले क्षणभर खर्रर करायला लागला, आधी जो कधीच करत नव्हता.

डोकं खाजवल्यावर कळलं. हिस्टेरेसिस कसं काम करतं, तर आउटपुट पडलं की फीडबॅकमधून पिन ३ लगेच खाली ओढली जाते, निर्णय पक्का होतो. तिथे कपॅसिटर बसवला की पिन ३ लगेच हलू शकत नाही, ती सावकाश उतरते, आणि तेवढ्या वेळात सप्लाय आणि ग्राउंडवरचा जरासा रिपलही आउटपुटला मागेपुढे करायला पुरतो. रेझिस्टर कागदावर बरोबर, पण कपॅसिटरने हिस्टेरेसिस गिळून टाकला.

म्हणून R1 दोन तुकड्यांत केला. बॅटरीपासून १० के, मग मधला पॉइंट, मग २२ के पिन ३ ला. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट मधल्या पॉइंटपासून ग्राउंडला. आता बॅटरीतले झटके आणि रिपल मधल्या पॉइंटलाच मुरतात आणि पिन ३ फीडबॅकसाठी मोकळी राहते. टाइम कॉन्स्टंट साधारण साडेतीन सेकंद येतो, मिक्सर सुरू होईपर्यंत पुरतो. कपॅसिटर नवीन आणि बऱ्या क्वालिटीचा घ्या, जुन्या टीव्हीतला काढून लावू नका, कारण डिव्हायडरमधून जेमतेम पाव मिलिअँपियर वाहतो आणि कपॅसिटर थोडा जरी लीक झाला तरी बॅटरी आहे त्यापेक्षा कमी भासते आणि कट आधीच होतो. सहा महिन्यांनी सेटिंग आपोआप वर सरकलं असं वाटलं तर पहिला संशय यावर घ्या.

सेन्स वायर. इन्व्हर्टरच्या आतल्या मोठ्या वायरवरून सेन्स घेतला तर लग आणि वायरमधले व्होल्ट मोजमापात घुसतात, लोडप्रमाणे कट व्होल्टेज बदलतं. मी दोन बारीक वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून आणल्या, ग्राउंडसकट, आणि प्लसच्या वायरला टर्मिनलजवळच १ अँपियरचा फ्यूज. फ्यूज बोर्डजवळ नको, वायर मध्ये कुठे चेपली तर बॅटरी ती वायर जाळून टाकते, १५० एएचला बारीक वायर म्हणजे फुलबाजी. पान्याने टर्मिनल खोलताना हातातली अंगठी-घड्याळ काढून ठेवा, एकदा पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला होता, त्याची खूण अजून पान्यावर आहे. लग घासून पुसून परत घट्ट केले तेव्हा तो ०.४ चा ड्रॉप ०.१५ वर आला, तेवढं काम तरी प्रत्येकाने कराच, सर्किट नाही केलं तरी.

सेटिंग बॅटरीवर करू नका, बॅटरी उतरायची वाट बघण्यात दिवस जातो. ० ते १५ व्होल्टचा कुठलाही व्हेरिएबल सप्लाय घ्या, एलएम३१७ वर घरी बनवलेला पण चालतो. आधी १३.५ द्या, रिले लागेल. मग १०.८ च्या जवळ आल्यावर ०.१ ने खाली यायचं आणि प्रत्येक वेळी दहापंधरा सेकंद थांबायचं, कारण तो साडेतीन सेकंदांचा डिले आता मध्ये आहे, भरभर नॉब फिरवला तर रिले १०.५ ला सुटलेला दिसेल आणि तुम्ही उगाच प्रिसेट फिरवाल. हवा तिथे सुटला की तसंच हळू वर जा आणि कुठे लागतो ते बघा, १२.७ ते १२.८ मध्ये लागला तर झालं. तिथे नसेल आणि कट बरोबर असेल तर Rf किंवा पुल-अपची व्हॅल्यू चुकलीय, प्रिसेटला हात लावू नका. प्रिसेटवर शेवटी नेलपॉलिशचा थेंब.

आता हे सगळं बरोबर असूनही कट लवकरच होत असेल, म्हणजे फुल चार्जनंतर अर्ध्या तासात, तर बोर्ड सोडा आणि हायड्रोमीटर घेऊन प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता बघा. मामांच्या बॅटरीचे पाच सेल चार्जिंगनंतर १.२३० च्या आसपास होते आणि एक १.१५० ला अडकलेला, दोन दिवस चार्ज करूनही फार वर आला नाही. तो सेल लोडवर सगळ्यात आधी पडतो आणि पूर्ण बॅटरीला १०.८ ला खेचतो, सर्किट खरं तेच सांगतं. पूर्वी ९.८ पर्यंत जायची तेव्हा थोडा वेळ जास्त चालायची, त्यामुळे मामांच्या मते नवीन बोर्डाने बॅकअप कमी केला. एका अर्थी खरंय. बॅटरी बदलेपर्यंत संध्याकाळी जेवढा वेळ मिळतो तेवढ्यावर भागवायचं, यावर आमचं एकमत झालंय.

ते पुश बटण मात्र मी नंतर कॅबिनेटच्या आत सरकवलं. पुढच्या पॅनलवर होतं तोपर्यंत कट झाला की कुणीतरी ते दाबायचं, पंखा तीनचार सेकंद फिरायचा आणि परत टक, मग परत दाबायचं, आणि मामा फोन करून म्हणायचे की टक-टक परत सुरू झाली.